चौकटीच्या उजवीकडे

बोलणारा माणूस एका जागी उभा राहील तर माझं अर्धं काम वाचेल. पण पास्टर लाइल उभे राहणाऱ्यांतले नव्हेत. देवाची करुणा सांगताना ते डावीकडे जातात, माणसाचं पाप सांगताना उजवीकडे, आणि विनोद करायचा असला की व्यासपीठाच्या कडेला येऊन एक पाय खाली सोडतात. एवढी माहिती त्यांच्या बायकोलाही नसेल. मला आहे, कारण गेली दोन वर्षं दर आठवड्याला मी त्यांना कापते.

कापते म्हणजे चौकटीत बसवते. विचिटातल्या आमच्या 'प्रेअरी लाइट' चर्चमध्ये मागच्या भिंतीला एक कॅमेरा खिळवलेला आहे. त्यात अख्खं व्यासपीठ आडवं दिसतं. लोक मात्र फोन उभा धरतात. म्हणून त्या आडव्या चित्रातून एक उभी पट्टी कापायची आणि तिची रील करायची. ती पट्टी चित्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडी कमीच भरते. तिच्यात पास्टर मधोमध हवेत. ते चालायला लागले की पट्टीनेही त्यांच्याबरोबर चालायचं.

हे सॉफ्टवेअर आपोआपही करतं, पण त्याला पोच नाही. पास्टर नुसते डुलले तरी तेही त्यांच्यामागे डुलतं, आणि बघणाऱ्याला बोट लागायची पाळी येते. मी हाताने करते. ते निघायच्या जरासं आधी पट्टी हलायला लागते, ते थांबले की सावकाश थांबते, आणि ते जागच्या जागी झुलत असतील तर मी तिला हलवतच नाही. खाली अक्षरांना जागा सोडते. उजव्या कडेला फोनवरची बटणं येतात, तिथे चेहरा जाऊ देत नाही. हे सगळं नीट जमलं की कुणी काही केलंय हे कुणाला कळतच नाही. आणि मग कुणी विचारतही नाही.

माझं नाव आर्डिस केसेल. आधी इथल्या एका टीव्ही स्टेशनात संकलन करत होते, ते खातं बंद झालं. नवरा ॲरिझोनाला गेला आणि तिथे त्याला दुसरी बायको मिळाली. मुलगी पोर्टलंडला असते. मी मेसेज केला की ती त्यावर लाल बदाम चिकटवते आणि संवाद संपतो. मी काम घरूनच करते. रविवारी सगळे चर्चला जातात तेव्हाही मी घरीच असते, कारण पास्टर मला सोमवारी मिळणारच असतात. खरं सांगायचं तर गर्दीत एकटीने बसण्यापेक्षा घरात एकटीने बसणं बरं वाटतं. घरात निदान शेजारची खुर्ची कुणी मुद्दाम रिकामी सोडलेली नसते.

रील चढवली की तिच्याखालच्या सगळ्या कॉमेंट वाचायची मला सवय. कुणी 'आमेन' लिहितं, कुणी जोडलेले हात टाकतं. आणि एक महाभाग होता, तो दरवेळी एकच चिन्ह टाकायचा. उजवीकडे बोट दाखवणारा हात. शब्द नाही, काही नाही. प्रत्येक रीलखाली तोच हात. नाव होतं ऑर्व्हल स्टकी.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उजवीकडे सरकव म्हणतो! मी रेघ टाकून बघितलं, पास्टरांचं नाक चौकटीच्या बरोबर मध्यावर होतं. दोन महिने मी गप्प बसले. मग एका रीलखाली लिहिलंच, "तो अगदी मधोमध आहे. हवं तर फूटपट्टी लावून बघा."

उत्तर आलं, "तो आहे. ती नाही."

ती कोण? मी मूळ आडवं चित्र उघडलं आणि उजवीकडे पाहिलं. इतके महिने मी ज्या भागाला फक्त कचरा म्हणून ओळखत होते, तिथे एक बाई उभी होती. काळा साधा सदरा, केस मागे बांधलेले, आणि हात चाललेले. बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत प्रवचन सांगणारी दुभाषी. कॉर्लिस टिडवेल तिचं नाव, हे मला माहीत होतं. पगाराच्या यादीत आम्ही दोघी एकाखाली एक असतो. पण माझ्यासाठी ती म्हणजे एक कोपर होतं. पास्टर पापाकडे वळून फार उजवीकडे गेले की चौकटीत तिचं कोपर यायचं, आणि अर्धं कोपर वाईट दिसतं म्हणून मी पट्टी जराशी डावीकडे ओढायची. ऑर्व्हल स्टकी नेमका त्या कोपराची वाट बघत असायचा.

मी त्याला खाजगीत मेसेज केला. क्षमा वगैरे मागितली नाही, तो माझा स्वभाव नाही. विचारलं, "खाली अक्षरं असतात की. ती वाचता येत नाहीत का तुम्हाला?"

"बाई," त्याने लिहिलं, "मी चाळीस वर्षं छापखान्यात होतो. लोकांच्या चुका वाचून वाचून माझे डोळे झिजले. तुझ्या अक्षरांत गेल्या आठवड्यात दोन चुका होत्या, त्या सांगू का?"

सांगितल्या. बरोबर होत्या.

मग हळूहळू बाकीचंही कळत गेलं. ऑर्व्हल चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मापासून बहिरा. कॅन्ससच्या अगदी पश्चिम टोकाला, कोलोरॅडोच्या हद्दीजवळ एका वृद्धाश्रमात राहत होता. बायकोही बहिरी होती, ती गेली. छापखान्यातले बहिरे मित्र एकेक करत गेले. आश्रमात सगळी बोलणारी, ऐकणारी माणसं. "भली आहेत बिचारी," त्याने लिहिलं. "माझ्याशी बोलताना मोठ्याने ओरडतात. सूप हवं का, एवढं विचारायला गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखं तोंड करतात."

"मग आमचं थेट प्रक्षेपण का नाही बघत?"

"बघितलं. त्यात पास्टरच्या नाकातले केस दिसतात. ती कुठे दिसते?"

तेही खरं होतं. थेट प्रक्षेपणाला जवळचा कॅमेरा असतो. कॉर्लिस फक्त मागच्या कॅमेऱ्यात असते, आणि मागचा कॅमेरा फक्त माझ्याकडे येतो.

"पण इतर चर्चच्याही दुभाषी असतात की इंटरनेटवर. पुष्कळ."

यावर त्याने लिहिलं, "असतात. टीव्हीवरच्या बातम्यांसारखे हात करतात. हिचे हात आमच्या ओलेथच्या बहिऱ्यांच्या शाळेचे आहेत. जुने. 'भाकरी' म्हणते तेव्हा माझी बायको म्हणायची तसं म्हणते. वाचणं वेगळं, बाई. कुणीतरी तुझ्या गावची बोली बोलताना कानावर पडणं वेगळं. मला कान नाहीत, पण तुला कळलं असेल."

मला कळलं. मी तो मेसेज वाचून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगीच उभी राहिले.

दुसऱ्याच दिवशी मी टॅरिनला फोन केला. टॅरिन म्हणजे चर्चच्या प्रसिद्धीचं काम बघणारी पोरगी. तिशीही गाठलेली नाही, पण माझी साहेब तीच. मी म्हटलं, उभी चौकट दोन भागांत करूया. वरच्या भागात पास्टर, खालच्या भागात कॉर्लिस. एकाच आडव्या चित्रातून दोन तुकडे कापायचे, काही अवघड नाही.

"अगं आर्डिस, किती गोड कल्पना!" टॅरिन म्हणाली. ती 'गोड' म्हणाली की समजायचं, गोष्ट मेली. "एक करून बघूया ना."

एक केली. बघणारे निम्म्याने घटले. टॅरिनचा फोन आला. "लोकांना दोन चेहरे झेपत नाहीत गं. अंगठा थांबतो तो एका चेहऱ्यावर. आणि खाली अक्षरं आहेतच की बहिऱ्यांना."

"अक्षरं म्हणजे भाषा नव्हे," मी म्हटलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"एका छापखान्यातल्या माणसाने."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली आणि पुढच्या कामाचं बोलायला लागली.

वरिष्ठांना पटत नसेल तर गुपचूप करावं, हे मी टीव्ही स्टेशनातच शिकले होते. चर्चसाठी मी नेहमीसारखी पास्टरांची रील करायची आणि ती झाली की त्याच प्रवचनाची दुसरी पट्टी कापायची, उजवीकडची. ती फक्त ऑर्व्हलला. कॉर्लिस जागची हलत नाही, त्यामुळे पट्टी एकदा बसवली की बसली. पण कुठे बसवायची, हे बघायला मला तिच्याकडे नीट बघावं लागलं. बोलणारा माणूस तोंडाने बोलतो म्हणून आपण तोंड मध्ये धरतो. ही बाई कपाळापासून कमरेपर्यंत बोलत होती आणि दोन्ही बाजूंना हात लांबवून बोलत होती. मी चेहरा वर सरकवला आणि छातीसमोरची मोकळी हवा मध्यावर धरली. मध्यावर कुणीच नाही अशी चौकट मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

पहिली पट्टी पाठवली तेव्हा ऑर्व्हलने फक्त लिहिलं, "आज जेवताना दोन वेळा बघितली. सूप गार झालं."

त्यानंतर सोमवारची मला घाई व्हायला लागली. हे कबूल करायला लाज वाटते, पण करते: मी त्या म्हाताऱ्याच्या मेसेजची वाट बघायचे, एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीसारखी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि मग काहीतरी आणायच्या निमित्ताने त्या खोलीत जायचे. तो कॉर्लिसच्या चहाड्या सांगायचा. "पास्टर फार ताणतो तेव्हा ती तीन वाक्यांचं एकात उरकते. शहाणी आहे." किंवा, "काल तिला शिंक आली. हातांनीही अडखळली. तू ते कापलं नाहीस. आभार." मला शिंक दिसलीच नव्हती. मी परत जाऊन शोधली. असं कुणाच्या तरी शिंकेबद्दल कुणाशी तरी बोलून मला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

उन्हाळा संपता संपता टॅरिनने मला चर्चमध्ये बोलावलं. टेबलावर डोनट होते, तेव्हाच मी ओळखलं. चर्चने नवा कॅमेरा घेतला होता, उभाच. मूळचं चित्रच उभं. तो व्यासपीठासमोर बसणार, पास्टरांचा चेहरा ओळखणार आणि ते जातील तिकडे स्वतःच मान वळवणार. कापायचा प्रश्नच नाही. मागच्या भिंतीवरचा कॅमेरा महिनाअखेरीला उतरवायचा होता. मीही त्याच्याबरोबरच उतरणार होते.

"तुझ्या कामात काही खोट नाही हं," टॅरिन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि मला उगीचच तिची समजूत घालावी लागली.

पास्टर लाइलही भेटले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी फार केलंत, अर्डीन."

दोन वर्षं मी ह्या माणसाच्या नाकावर रेघ धरून बसले होते. मी नाव दुरुस्त केलं नाही. काम गेल्याचंही तेवढं वाटलं नाही, पोटापुरतं कुठेही मिळतं. मला एकच कळत होतं: महिनाअखेरीनंतर उजवी बाजू कुणी टिपणारच नाही. आतापर्यंत मी ती फेकत तरी होते, आता ती नसणारच होती. आणि हे मला ऑर्व्हलला सांगायचं होतं.

सरळ लिहून टाकलं. त्याच्यापासून लपवणं मला जमलं नसतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात मी घर इतकं साफ केलं की नळ सोडल्याचाही आवाज घुमायला लागला.

रविवारी मी चर्चला गेले. प्रवचन संपल्यावर बाहेरच्या दालनात कॉफी घेणाऱ्यांच्या गर्दीत कॉर्लिसला गाठलं आणि म्हटलं, "मी आर्डिस. मी रील्स कापते."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे माझं कोपर कापणाऱ्या तुम्हीच तर!" ती म्हणाली. "माझी आई बघायची ना. म्हणायची, ह्या चर्चला तुझा उजवा हात आवडत नाही. डावा आवडतो की नाही ते अजून कळलं नाही."

"तुमची आई..."

"बहिरी. वडीलही. दोघंही ओलेथच्या शाळेतले. तोंडाने बोलायच्या आधी मी हातांनी बोलायला शिकले." तिने कॉफीचा घोट घेतला. "आता दोघंही नाहीत."

मी तिला ऑर्व्हलबद्दल सांगितलं. भाकरी, शिंक, गार झालेलं सूप, सगळं. ती ऐकता ऐकता पेला ठेवायला जागा शोधत होती, शेवटी तो तिने खिडकीत ठेवला. "आणि मला कुणी सांगितलं नाही?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, पुढच्या रांगेत एक बहिरं जोडपं बसतं, त्यांच्यापलीकडे मला कुणी बघतच नाही. अहो, घरी जाऊन मी हात बरणीत घालून ठेवल्यासारखी बसते. माझ्या घरात आता ह्या भाषेत कुणी 'जेवलीस का' विचारत नाही."

आम्ही तशाच उभ्या होतो आणि माझा फोन थरथरला. ऑर्व्हल. मेसेज नव्हता, व्हिडिओ होता. पहिल्यांदाच. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही दोघी खिडकीपाशी डोकी जुळवून बघायला लागलो. चौकटीच्या मधोमध एक म्हातारा चेहरा. गुळगुळीत दाढी केलेली, गालावर ब्लेड लागल्याची खूण. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले, खांदे वर झाले, खाली झाले. चेहरा जरा डावीकडे झाला की चित्रही डावीकडे सरकायचं. चेहरा सतत मध्ये. अगदी मधोमध. आणि हात नव्हते. एकदा खालच्या कडेला एका अंगठ्याचं टोक आलं आणि गेलं.

मला क्षणात कळलं काय झालं असणार. कुणीतरी टॅब्लेट टेबलावर आडवा टेकवून चित्रण केलं असणार, आणि पाठवताना ॲपने ते आपोआप उभं केलं. बोलणारा माणूस मध्ये ठेवून बाकीचं कापून टाकलं. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. मीही इतकं सफाईने केलं नसतं.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

कॉर्लिसने परत लावला. परत. "प्रश्न आहे," ती म्हणाली. "भुवया खाली आहेत बघा. हो-नाहीचा प्रश्न असता तर वर गेल्या असत्या. म्हणजे कोण, काय, कुठे, असं काहीतरी. शेवटी थांबून वाट बघताहेत." ती फोनकडे बघतच राहिली. "पुढचं मला दिसत नाही. हातात होतं ते."

मी लगेच लिहिलं. "हात कापले गेलेत. काय विचारलंत? मूळ आडवा व्हिडिओ असेल तर पाठवा."

बऱ्याच वेळाने तीन शब्द आले. "नाही. जाऊ दे."

मला वाटलं, ठीक आहे, थकला असेल. पण कॉर्लिसचा चेहरा बदलला. "हे त्यांनी म्हणायचं नाही," ती म्हणाली. "हे ऐकू येणारे लोक म्हणतात. पंगतीत सगळे हसले आणि माझ्या आईने विचारलं काय झालं, की सगळे म्हणायचे, जाऊ दे, काही नाही, नंतर सांगतो. नंतर कुणी सांगायचं नाही. आमच्या घरात ही शिवी होती. माणूस दुसऱ्याला बाहेर ठेवतो तेव्हा हे म्हणतो." तिने तिथूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. "तुमची गाडी कशी आहे?" तिने विचारलं.

"जुनी आहे. पण जाते."

शनिवारी निघालो. मी बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, करून घेतले होते, डबाभर, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही एवढं मला कळतं. वाटेत कॉर्लिस बोलत होती आणि बोलताना तिचे हात स्टिअरिंगवरून सुटू नयेत म्हणून गाडी मी चालवत होते. पश्चिमेला घरं विरळ होत गेली, धान्याची कोठारं तेवढी उरली. एवढा वेळ कुणी माझ्या शेजारच्या सीटवर बसल्याचं मला आठवत नव्हतं. ती झोपली तेव्हा मी रेडिओ बंद केला. तिचा श्वास ऐकू येत होता, तो पुरेसा होता.

ऑर्व्हल दालनाच्या टोकाला खिडकीजवळ बसला होता. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. आम्हाला बघून त्याने आधी मला ओळखलं नाही, ओळखणार कसा? पण कॉर्लिसला ओळखलं. तिने लांबूनच हात वर केले आणि काहीतरी म्हटलं. म्हातारा खुर्चीतून उठला. उठताना त्याची काठी पडली, ती कुणी उचलली नाही.

मग ते बोलायला लागले. काय सांगू! मी तिला आधी कापत होते आणि नंतर कित्येक महिने मध्यावर धरून होते, पण ती एकटी बोलत होती तेव्हा. समोर कुणीतरी असलं की ती भाषा एवढी जागा घेते हे मला माहीत नव्हतं. हात एकमेकांवर चढत होते, तो तिला मध्येच तोडत होता, ती त्याला दटावत होती. तो तोंडातून आवाज काढून हसला तेव्हा सूप वाढणारी बाई भांडं हातात घेऊन थबकली. मी बाजूच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला एक अक्षर कळत नव्हतं. मला फार आनंद झाला होता आणि मी तिथे नसते तरी चाललं असतं, दोन्ही एकदमच खरं होतं. मनातल्या मनात मी त्या दोघांभोवती चौकट धरून पाहिली. उभी पट्टी पुरत नव्हती.

बऱ्याच वेळाने कॉर्लिस माझ्याकडे वळली. "मी विचारलं त्यांना. व्हिडिओत काय होतं ते. आधी म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, मारीन."

"मग?"

"प्रश्न माझ्यासाठी नव्हता. तुमच्यासाठी होता. म्हणून मला कळू देत नव्हते. आणि असलं लिहून विचारता येत नाही, म्हणाले."

ऑर्व्हल माझ्याकडे बघत होता. त्याने खुर्ची माझ्या दिशेने फिरवली, आणि हात सावकाश, मोठे, लहान मुलाला सांगावं तसे चालवले. भुवया खाली. शेवटी थांबला.

"ते म्हणताहेत," कॉर्लिस म्हणाली, "तू मला बोलणारं माणूस पाठवत होतीस. दर सोमवारी. तुझ्याशी कोण बोलतं?"

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा आलं ते, "पास्टर लाइल." थट्टा म्हणून. कॉर्लिसने ती हातांनी सांगितली. ऑर्व्हल हसला नाही. तो वाट बघत राहिला. कॉर्लिसही हात अर्धे वर धरून थांबली, मी जे म्हणेन ते पुढे सांगायला. दोघांचेही डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मला वाटलं, जरा डावीकडे सरकावं. सरकले. त्यांचे डोळेही सरकले.

"कोणी नाही," मी म्हणाले.

कॉर्लिसने दोन्ही हातांनी ते सांगितलं. अगदी छोटं होतं. ऑर्व्हलने मान हलवली, माझ्या मांडीवरचा डबा उचलून जमिनीवर ठेवला आणि माझे हात मोकळे केले. मग त्याने त्याचे हात वर केले आणि माझ्याकडे बघून खूण केली, की आता तू.